बी, डू की हॅव: गाळलेली जागा भरताना निवड कशी करायची?

‘मी त्याला सांगितलं होतं.’ वाक्य मराठीत एकच, पण सोलापूरच्या पार्क चौकाजवळच्या अभ्यासिकेत मी शिकवायला बसतो तेव्हा फळ्यावर त्याच्या आसपासची तीन इंग्रजी वाक्यं लिहितो. ‘आय ___ टेल हिम.’ ‘आय ___ टोल्ड हिम.’ ‘आय ___ टोल्ड बाय हिम.’ आणि तिन्ही जागा भरायला सांगतो. बहुतेक मुलं तिन्हीकडे ‘हॅड’ किंवा ‘वॉज’ लिहितात, कारण डोक्यात मराठीतलं ‘होतं’ घोळत असतं. बरोबर उत्तरं आहेत डिड, हॅड आणि वॉज. मी त्याला बजावलंच होतं, मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि त्याच्याकडून मला कळलं होतं, असे तीन वेगळे अर्थ झाले.

अडचण मराठीच्या ‘आहे’ आणि ‘होतं’मध्ये आहे. ‘खातो आहे’, ‘खाल्लं आहे’, ‘घरी आहे’, ‘चादर विणलेली आहे’ या चारही ठिकाणी आपण एकाच ‘आहे’ने काम भागवतो. इंग्रजीला तिथे कधी ‘इज’ लागतो, कधी ‘हॅज’. ‘डू’ला तर मराठीत जोडीदारच नाही. म्हणून मराठी अर्थ लावून सहायक क्रियापद निवडू नका. गाळलेल्या जागेच्या पुढे क्रियापदाचं कुठलं रूप उभं आहे, ते आधी बघा. मूळ रूप असेल तर डू, आयएनजी असेल तर बी, आणि तिसरं रूप असेल तर हॅव किंवा बी. खरा निर्णय या शेवटच्या फाट्यावरच घ्यावा लागतो.

पुढचं रूप बघायचं म्हणजे अगदी लगेचचा शब्द बघायचा असं नाही. मधे नॉट, ऑलरेडी, स्टिल, नेव्हर येतात आणि प्रश्नात कर्ताही येतो. ते सगळे ओलांडून क्रियापद गाठायचं. ‘___ युवर ब्रदर स्टिल लिव्ह इन अक्कलकोट?’ या वाक्यात ब्रदर आणि स्टिल ओलांडले की ‘लिव्ह’ हे मूळ रूप सापडतं, म्हणून ‘डज’. हेच ‘लिव्हिंग’ असतं तर ‘इज’ लागला असता.

आता पहिली तुलना, बी आणि डू यांची. नकारात सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. ‘आय ___ नॉट अग्री’ या वाक्यात दहावीच्या मुलांपासून स्पर्धा परीक्षेच्या मुलांपर्यंत सगळे ‘अ‍ॅम’ लिहितात. कारण उघड आहे. ‘मी सहमत नाही’ या वाक्यात ‘सहमत’ हे विशेषण आहे, आणि विशेषणाला बी लागतं हे मुलांना पाठ असतं. पण इंग्रजीत ‘अग्री’ हे क्रियापद आहे, म्हणून ‘आय डू नॉट अग्री’. याच्या उलट ‘अफ्रेड’. मराठीत ‘मी घाबरत नाही’ हे क्रियापद, पण इंग्रजीत अफ्रेड विशेषण, म्हणून ‘आय अ‍ॅम नॉट अफ्रेड’. शंका आली तर त्या शब्दाला ‘एड’ किंवा ‘आयएनजी’ लावून बघा. अग्रीचं ‘अग्रीड’ होतं, अफ्रेडचं काहीच होत नाही. मात्र ‘रेडी’, ‘ओपन’ यांसारखे शब्द दोन्हीकडे चालतात, तिथे वाक्यातलं काम बघावं लागतं. ‘द शॉप ___ नॉट ओपन ऑन मंडे’ याला ‘इज’ही बरोबर आणि ‘डज’ही बरोबर. पहिल्यात दुकान उघडं नसतं, दुसऱ्यात ते उघडत नाही.

हॅवचा नकारही इथेच उरकतो. ‘आय ___ नॉट हॅव टाइम.’ पुढे हॅव दिसला की मुलं गोंधळतात, पण इथे हॅव हे मुख्य क्रियापद आहे आणि मूळ रूपात आहे. म्हणून ‘डू’. कर्ता ‘शी’ झाला तर ‘शी डज नॉट हॅव’. तिथे हॅज लिहायचं नाही, कारण ‘एस’चं काम डजने आधीच केलेलं असतं. ‘डिड नॉट वेंट’ चुकतं तेही याच कारणाने. भूतकाळ डिडमध्ये आला, तो पुन्हा वेंटमध्ये आणायची गरज नाही.

दुसरी तुलना आहे तिसऱ्या रूपाआधी येणाऱ्या बी आणि हॅव यांची. इथे सोलापूरचंच उदाहरण घेऊ. ‘द वीव्हर ___ वोव्हन अ चादर.’ ‘द चादर ___ वोव्हन इन सोलापूर.’ वोव्हन दोन्हीकडे तेच. पहिल्यात कर्ता स्वतः विणतो आणि वोव्हनच्या पुढे कर्म आहे, म्हणून ‘हॅज’. दुसऱ्यात चादर विणत नाही, ती विणली जाते, आणि वोव्हनच्या पुढे कर्म नाही, फक्त ठिकाण आहे. म्हणून ‘इज’. कर्ता करतो की त्याच्यावर केलं जातं, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारायचा.

हा प्रश्न एका जागी फसवतो, आणि तिथे मी मुद्दाम जास्त वेळ थांबतो. ‘द ट्रेन ___ जस्ट अराइव्हड.’ पुढे कर्म नाही, म्हणून मुलं ‘इज’ लिहितात. मराठीत ‘गाडी आली आहे’ असल्यामुळे ते कानालाही गोड लागतं. पण येणं, पोचणं, झोपणं, पडणं, घडणं या क्रियांना कर्म असूच शकत नाही. गाडीला कुणी ‘येत’ नाही, ती स्वतः येते. ज्या क्रियेला कर्म नाही तिचा कर्मणी प्रयोग होत नाही, म्हणून तिथे बी बसत नाही आणि ‘हॅज’च लागतो. अपवाद मोजके आहेत. ‘ही इज गॉन’ चालतं, कारण तिथे गॉन विशेषणासारखं वागतं आणि ‘तो आता इथे नाही’ ही अवस्था सांगतं. ‘मॅरीड’चंही तसंच. ‘शी इज मॅरीड’ म्हणजे ती विवाहित आहे. आणि ‘बॉर्न’ला ‘जन्मला’ या अर्थाने कायम बी लागतं.

दोन जागा लागोपाठ असतील तर दोन्ही कामं एकाच वाक्यात येतात. सिद्धेश्वरांच्या यात्रेतले नंदीध्वज पिढ्यान्‌पिढ्या वाहिले जात आले आहेत, म्हणून ‘द नंदीध्वज ___ ___ कॅरीड फॉर जनरेशन्स’ या वाक्यात ‘हॅव बीन’. हॅवने काळ सांगितला, बीनने कर्मणी प्रयोग.

जोर देण्याच्या जागा मुलांना अवघड वाटतात. मला मात्र मराठी मुलांसाठी त्या सोप्या वाटतात, कारण आपल्याकडे ‘च’ आहे. ‘तो येतोच’ म्हणजे ‘ही डज कम’. ‘मी गेलोच होतो’ म्हणजे ‘आय डिड गो’. परीक्षेत अशी जागा ओळखायच्या दोन खुणा आहेत. आधीच्या किंवा पुढच्या भागात उलट बाजू असते, बहुधा ‘बट’सह, आणि होकारी वाक्य असूनही क्रियापद मूळ रूपात असतं. ‘ही डज नॉट टॉक मच, बट ही ___ हेल्प.’ ‘ही’ च्या पुढे साध्या वर्तमानकाळात ‘हेल्प्स’ यायला हवं होतं. तो ‘एस’ गायब आहे म्हणजे गाळलेल्या डजमध्ये गेला. दिलेल्या पर्यायांत ‘विल’, ‘कॅन’ नसतील तर ‘डज’ हे नक्की.

बी आणि हॅव यांना जोर द्यायला डू लागत नाही. ‘ही इज कमिंग’, ‘शी हॅज पेड’ यांत इज आणि हॅज नुसतं ठासून म्हणायचं. ‘ही डज इज’ असं काही नसतं. नकारातही तेच, जोर नॉटवर जातो: ‘आय डिड नॉट टेक इट’. डू आणि बी शेजारी येतात ते फक्त आज्ञेत किंवा विनंतीत: ‘डू बी केअरफुल’, ‘डू नॉट बी लेट’. पर्यायांत हे दिसलं की मुलं घाबरून सोडून देतात. सोडू नका, ते बरोबर असतं.

आता एक पूर्ण उतारा सोडवू. भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक सोलापूरच्या मुलांना माहीत असतं, म्हणून मी हा उतारा तयार केला आहे.

‘कोटणीस ___ बॉर्न इन 1910. इन 1938 ही वेंट टू चायना विथ फोर अदर डॉक्टर्स. दे केम बॅक टू इंडिया, बट ही ___ नॉट कम बॅक. बाय 1942 ही ___ लर्न्ट चायनीज. ही ___ नॉट लिव्ह लाँग, बट ही ___ सेव्ह मेनी लाइव्हज. ही ___ स्टिल रिमेंबर्ड इन चायना.’

पहिली जागा ‘वॉज’, बॉर्नमुळे. तिसरी ‘हॅड’, कारण शिकणारे ते स्वतः, पुढे ‘चायनीज’ हे कर्म, आणि ‘बाय 1942’ म्हणजे त्या वर्षापर्यंत. चौथी आणि पाचवी दोन्ही ‘डिड’. चौथी साधा नकार, तर पाचवी बटनंतरचा जोर, म्हणजे ‘फार जगले नाहीत, पण अनेकांचे प्राण वाचवलेच’. पाचवीत ‘हॅड’ लिहिणाऱ्याने पुढचा शब्द ‘सेव्ह’ आहे, ‘सेव्ह्ड’ नाही, हे बघितलेलं नसतं. सहावी ‘इज’. कोटणीस आठवत नाहीत, त्यांना आठवलं जातं, आणि स्टिल असल्यामुळे काळ आजचा.

दुसरी जागा मी शेवटी ठेवली, कारण तिथे माझी मूळ रीत अपुरी पडते. ‘कम’चं मूळ रूपही कम आणि तिसरं रूपही कम. ‘रन’, ‘बिकम’, ‘कट’, ‘पुट’, ‘हिट’ यांचंही असंच. पुढचं रूप बघून डिड की हॅड हे ठरत नाही, म्हणून वेळेचा शब्द शोधावा लागतो. ‘यस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘इन 1938’ असं संपलेल्या काळाचं बोट दाखवणारं काही असेल तर डिड. ‘यट’, ‘सो फार’, ‘सिन्स मॉर्निंग’ असेल तर हॅव किंवा हॅज. ‘बाय 1942’ असेल तर हॅड. मराठीतही हा फरक ‘अजून’ या शब्दाने कळतो. ‘तो काल आला नाही’ म्हणजे ‘ही डिड नॉट कम यस्टर्डे’, आणि ‘तो अजून आला नाही’ म्हणजे ‘ही हॅज नॉट कम यट’. उताऱ्यात शेजारी ‘दे केम बॅक’ हा साधा भूतकाळ आहे आणि त्याच्याशीच तुलना चालली आहे, म्हणून ‘डिड’. पण ‘ही ___ नॉट कट द क्लॉथ’ एवढंच वाक्य दिलं आणि वेळ सांगितलीच नाही, तर डज, डिड, हॅज आणि हॅड चारही बरोबर असतात. अशा वेळी दिलेल्या पर्यायांत यांपैकी कोणता आहे ते बघा आणि तो भरा.