गुणोत्तर-प्रमाण नववीला: पाककृतीतून शिकवायचं की मिश्रणातून?

नववीच्या गणित भाग १ मध्ये ‘गुणोत्तर व प्रमाण’ हे प्रकरण येतं, तोवर त्रैराशिक मुलांच्या हातात बसलेलं असतं. नवं काय असतं, तर व्यस्त, एकांतर, योग, वियोग या क्रिया, समान गुणोत्तरांचा सिद्धांत आणि k पद्धत. त्यामुळे उदाहरण निवडताना त्याची गोडी दुय्यम. त्यातून यातली कोणती गोष्ट उघड होते ते पाहावं. पाककृती आणि मिश्रण दोन्ही स्वयंपाकघरातली, पण गणित वेगवेगळं दाखवतात.

पाककृतीसाठी शिरा चांगला. चौघांसाठी १ वाटी रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तूप, २ वाट्या पाणी. चारने गुणलं की ४ : ३ : २ : ८, म्हणजे ४k, ३k, २k, ८k. अपूर्णांकाचं गुणोत्तर पूर्णांकात आणणं आणि k पद्धत, दोन्ही इथे विनासायास येतात. आता सहा जणांसाठी प्रमाण विचारा. काही मुलं म्हणतील, ‘रवा अर्धी वाटी वाढला, मग सगळंच अर्धी वाटी वाढवू.’ त्यांचं उत्तर: रवा दीड, साखर सव्वा, तूप १, पाणी अडीच. चूक लगेच खोडू नका, तूप आणि रवा यांचं गुणोत्तर काढायला सांगा. आधी तूप रव्याच्या निम्मं होतं, आता दोन-तृतीयांश झालं; पाणी मात्र रव्याच्या दुपटीहून कमी. शिरा तुपकट आणि वर रवा कच्चा! बरोबर उत्तर प्रत्येकाची दीडपट: साखर १ पूर्णांक १/८, तूप पाऊण, पाणी ३ वाट्या. नवा रवा भागिले जुना रवा, नवी साखर भागिले जुनी साखर, दोन्हींचं उत्तर ३/२. हीच एकांतर क्रिया.

पाककृतीची मर्यादाही तिथेच आहे. शिजायची वेळ दीडपट होत नाही, आणि पसरट कढईत पाणी जास्त आटतं. वाटीचं माप ग्रॅममध्ये नेलं तर ४ : ३ राहत नाही, कारण एक वाटी रवा आणि एक वाटी साखर यांचं वजन सारखं नसतं. शिवाय योग क्रियेला इथे जागाच नाही: रवा अधिक पाणी ही बेरीज शिऱ्यात कुणालाच लागत नाही.

मिश्रणात ती लागते. कोकमचा तयार अर्क आणि पाणी १ : ४ घेतलं, की एकूण सरबत आणि पाणी ५ : ४. योग क्रिया पेल्यात दिसते. अर्क द्रवच घ्या. साखर मोजून पाण्यात घातली तर आकारमानांची बेरीज जुळत नाही आणि मुलं मोजमापालाच दोष देतात. चव घ्यायची असेल तर घरची मापं वापरा. प्रयोगशाळेच्या काचपात्रातलं पिऊ देऊ नका, तिथे खाण्याचा रंग घातलेलं पाणी पुरे.

आता मुख्य प्रयोग. १ : ४ चं सरबत एका भांड्यात १५० मिली (३० : १२०), दुसऱ्यात २५० मिली (५० : २००). एकत्र केलं की ८० : ३२०, पुन्हा १ : ४. समान गुणोत्तरांचा सिद्धांत एवढाच आहे, आणि दोन्ही भांडी कितीही भरलेली असली तरी तो टिकतो.

मग पहिल्या भांड्यात १ : २ करा आणि दोन्हींतून १५० मिली घ्या. बहुतेक वर्ग अंश-अंश, छेद-छेद मिळवून २ : ६, म्हणजे १ : ३ सांगतो. मोजून पाहा: ५० : १०० आणि ३० : १२०, बेरीज ८० : २२०, म्हणजे ४ : ११. मग १ : ३ कधी येईल, हे त्यांनाच शोधू द्या. दोन्हींत अर्क सारखा हवा: ५० : १०० आणि ५० : २००, म्हणजे १५० आणि २५० मिली. सिद्धांतात ‘समान’ ही अट कशासाठी, हे यापेक्षा स्पष्ट फळ्यावर होत नाही.

मिश्रणाची अडचण डोळ्यांची आहे. २ : ३ आणि ३ : ५ यांत पहिलं दाट, कारण अर्क ४० टक्के विरुद्ध साडेसदतीस, पण रंगात हा फरक कळत नाही. दाखवायला १ : २ आणि १ : ४ वापरा, जवळची गुणोत्तरं तिरप्या गुणाकारावर सोडा. ‘अर्क एक-पंचमांश’ आणि ‘१ : ५’ यांची गल्लतही होते, प्रत्येक भांड्यावर अर्क, पाणी, एकूण अशा तीन संख्या लिहायला लावल्या की ती आटोक्यात येते.

तासिका भरपूर असतील तर k पद्धतीला शिरा आणि पुढे सरबत. एकच तास हाताशी असेल तर मिश्रण घ्या. शिऱ्याचं गणित मुलं त्रैराशिकानेही सोडवतात. अपवाद एकच: ज्या वर्गात अजून ‘सगळ्यांत अर्धी वाटी मिळवू’ हीच चूक सरसकट दिसते, तिथे आधी शिराच.