फोटोतलं गणित तपासताना: वाचत जावं की ताळा घ्यावा?

सिडकोतल्या माझ्या छोट्याशा क्लासमधली दहावीची मुलं रात्री जेवणं उरकली की गणितं सोडवायला बसतात. साडेनऊनंतर व्हॉट्सॲपवर वह्यांचे फोटो यायला लागतात. "सर, उत्तर जुळत नाहीये." उत्तर चुकलंय हे पुस्तकामागच्या उत्तरांवरून त्यांना आधीच कळलेलं असतं. गाडी नेमकी कुठल्या ओळीला रुळावरून घसरली, तेवढं आपण सांगायचं.

त्यासाठी दोन रस्ते आहेत. एक म्हणजे पहिल्या ओळीपासून वाचत खाली यायचं आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून निघते का ते पाहायचं. दुसरा म्हणजे गणित स्वतः सोडवून खरी किंमत काढायची, ती मुलाच्या प्रत्येक ओळीत घालायची, आणि जिथे डावी-उजवी बाजू पहिल्यांदा जुळत नाही तिथे बोट ठेवायचं. म्हणजे ओळीओळीला ताळा. दोन्हींतही फोटोतली पहिली ओळ पुस्तकातल्या प्रश्नाशी ताडून बघायचीच. प्रश्नच चुकीचा उतरवलेला असेल, तर पुढची सगळी तपासणी फुकट जाते.

मी कित्येक वर्षं वाचणाऱ्यांपैकी होतो. वाचन भराभर होतं, कागद-पेन लागत नाही. शिवाय मुलाचा विचार कसा सरकलाय तेही दिसतं, आणि हे ताळ्यात दिसत नाही. माझे नाशिकरोडचे एक स्नेही अजूनही वाचूनच तपासतात, आणि त्यांचं काही अडत नाही. माझं अडलं, ते या एका फोटोपाशी:

```
1)  (x+3)/2 - (x-1)/3 = 4
2)  3(x+3) - 2(x-1) = 24
3)  3x + 9 - 2x ? 2 = 24
4)  x + 7 = 24
5)  x = 17
```

प्रश्नचिन्ह मी आता टाकलंय. त्या रात्री मला तिथे कसलाही प्रश्न पडला नव्हता. मी सरळ अधिक वाचलं, तिसऱ्या ओळीला मनात बरोबरची खूण केली, चौथीभोवती लाल गोल काढला आणि लिहिलं, "९ आणि २ किती? बेरीज तपास." मुलीचं उत्तर आलं, "हो सर." मुलं "हो सर"च म्हणतात. पुढच्या चाचणीत तशाच गणितात तिची तशीच चूक. मग वही मागवली. तिसऱ्या ओळीत स्वच्छ वजा होता. वही चौकडीची, आणि छापील उभी रेघ बरोबर त्या वजाच्या मधून गेलेली. निळं पेन, निळसर चौकडी, ट्यूबलाइटचा उजेड आणि पाठवताना दबलेला फोटो, एवढं जमून आल्यावर वजाचा अधिक झाला होता.

पण दोष नुसता फोटोचा म्हणता येणार नाही. तिथे अधिकच असायला हवा हे मला ठाऊक होतं, म्हणून डोळ्यांना अधिक दिसला. वाचून तपासण्यातली माझी अडचण हीच. ज्याला गणित येतं त्याच्या नजरेला ओळ दुरुस्त करून वाचायची खोड असते. समोर कागद असता तर वाकून पाहिलं असतं, पण फोटोत ज्या खुणेबद्दल शंकाच येत नाही ती मोठी करून कोण पाहतो? आणि फटका मुलीला बसला. तिची बेरीज मुळात बरोबर होती: ९ वजा २, सात. चूक कंस सोडवण्यात होती. कंसाबाहेरचा वजा आतल्या पहिल्या पदाला लागला, दुसऱ्याला लागलाच नाही. मी तिला जे पक्कं येत होतं त्याचाच सराव दिला.

आता हाच फोटो ताळ्याने पाहू. खरी किंमत १३. पहिल्या ओळीत १६ भागिले २ म्हणजे ८, १२ भागिले ३ म्हणजे ४, वजाबाकी ४. जुळलं. दुसरीत ४८ वजा २४, म्हणजे २४. जुळलं. तिसरी मांडताना हात आपोआप थांबतो, कारण प्रत्येक चिन्ह स्वतः लिहावं लागतं: ३९, अधिक ९, वजा २६, आणि पुढे? समजा इथेही माझ्या डोळ्यांनी दगा दिला आणि मी अधिक धरलं. तरी चौथ्या ओळीत १३ अधिक ७ म्हणजे २० येतात, हवेत २४. फरक ४, म्हणजे त्या २ ची दुप्पट.

ही दुप्पट मला फार उपयोगी पडते. एखाद्या पदाचं चिन्ह उलटलं की बाजू त्या पदाच्या दुपटीने सरकते. अधिक दोनाचा वजा दोन झाला की चाराचा फरक पडतो. नुसती आकडेमोड चुकली तर फरक कितीचाही येऊ शकतो, पण एखाद्या पदाच्या नेमक्या दुपटीचा आला की मी वरच्या ओळीतलं त्या पदाचं चिन्ह मोठं करून बघतो. वजा धरून तिसरी ओळ पुन्हा केली की तिचेही २० येतात, चौथीचेही २०. म्हणजे चौथी तिसरीतून नीट निघालीय आणि चूक तिसरीत सुरू झाली. याला पुरावा म्हणणार नाही, भक्कम संशय म्हणेन. तरीही शंका राहिलीच तर तेवढ्याच ओळीचा जवळून काढलेला फोटो मागवतो.

चुकीच्या ओळीखाली मात्र १३ कामाचे नाहीत. तिथून पुढे मुलीच्या स्वतःच्या समीकरणाची किंमत घ्यायची, इथे १७. चौथीत १७ अधिक ७ म्हणजे २४, जुळलं. म्हणजे दुसरी चूक नाही. हे केलं नाही तर खालच्या सगळ्या ओळी उगाच चुकीच्या ठरतात आणि पोर हिरमुसतं.

ताळ्यालाही मर्यादा आहेत, आणि स्नेही त्या मला आवर्जून ऐकवतात. `x² = 5x` मध्ये मुलाने दोन्ही बाजूंना x ने भागून `x = 5` लिहिलं, तर ५ घालून प्रत्येक ओळ जुळते आणि हरवलेलं ० हे मूळ कळतच नाही. वर्गसमीकरणात म्हणून दोन्ही मुळं घालून पाहावी लागतात. भूमितीच्या सिद्धतेत तर घालायला किंमतच नसते. तिथे मी आजही वाचतोच, आणि प्रत्येक विधानासमोरचं कारण बोट ठेवून वाचतो. वेळही ताळ्याला जास्त लागतो. माझ्या अंदाजाने वाचून होणाऱ्या तीन फोटोंच्या वेळात ताळ्याने एकच होतो.

तुमच्याकडे एका रात्रीत चाळीस फोटो येत असतील, तर सगळ्यांना ताळा लावा असं मी म्हणणार नाही. अक्षर स्वच्छ, वही एकरेघी आणि गणित चार ओळींचं असेल तर वाचन पुरतं. पण वही चौकडीची आणि कंसाआधी वजा दिसला, की मी पेन उघडतो.

त्या मुलीला मग दुसरा निरोप पाठवला: "बेरीज बरोबर होती, माझंच चुकलं. तिसरी ओळ बघ, वजा कंसातल्या दोघांनाही लागतो." हल्ली तिच्या फोटोत वजा चौकोनाच्या बरोबर मध्ये, दोन उभ्या रेघांना न शिवता काढलेला असतो. मी सांगितलं नव्हतं.