मंजुरी मिळाल्यानंतरची एस्क्रो रिलीजची विनंती: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

क्लायंटने काम पाहिले, मान्य असल्याचे कळवले, आणि तरीही माइलस्टोनची, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्याची, रक्कम एस्क्रोमध्येच, म्हणजे प्लॅटफॉर्मने मध्यस्थ म्हणून राखून ठेवलेल्या निधीतच, पडून राहिली, हा प्रकार प्रकल्पांच्या प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्या बहुतेक फ्रीलान्सरांना परिचित असतो. अशा वेळी पाठवायच्या रिलीजच्या विनंतीचा मजकूर नीट घडवून मगच पाठवायचा, ही पद्धत मी आणि माझे काही सहकारी गेले अनेक महिने पाळत आहोत. या पद्धतीचा उपयोग कुठे झाला आणि कुठे झाला नाही, ते येथे मांडत आहे. काम अजून मंजूर झालेले नसेल किंवा वाद सुरू असेल, तर पुढचे फारसे लागू पडणार नाही.

पैसे अडकण्याचे कारण बहुतेक वेळा क्लायंटची टाळाटाळ हे नसते. संदेशात ‘मान्य’ लिहिणे आणि माइलस्टोनसमोरचे रिलीजचे बटण दाबणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि पुष्कळदा त्या दोन वेगळ्या व्यक्तींच्या हातात असतात. काम पाहणारा प्रकल्पप्रमुख मंजुरी देऊन मोकळा होतो. रक्कम सोडण्याचा अधिकार मात्र हिशेब पाहणाऱ्याकडे असतो, आणि त्याने आपला एकही संदेश वाचलेला नसतो. विनंती या दुसऱ्या माणसाला मागचापुढचा संदर्भ न शोधता कळली पाहिजे, ही एकच कसोटी आम्ही धरली.

मजकुराला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, त्या माइलस्टोनची रक्कम खरोखर एस्क्रोमध्ये भरलेली आहे का. टप्पा तयार केलेला आहे पण त्यात रक्कम जमा केलेली नाही, असे असू शकते, आणि मग रिलीजची विनंती निरर्थक ठरते. तेथे आधी रक्कम भरण्याची विनंती करावी लागते. दुसरी, काम प्लॅटफॉर्मच्या सादरीकरणाच्या फॉर्ममधून दिले आहे का, की फाइल नुसती संदेशाला जोडली आहे. हा फरक किरकोळ वाटतो, पण आपोआप रिलीज होण्याची मुदत यावरच अवलंबून असते. अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या प्लॅटफॉर्मचे उदाहरण घेतले, तर ठरावीक रकमेच्या करारात फॉर्ममधून सादर केलेल्या कामावर क्लायंटने 14 दिवसांत काहीच केले नाही तर रक्कम आपोआप रिलीज होते. फाइल फक्त संदेशातून गेली असेल तर ही मुदत सुरूच होत नाही, आणि क्लायंटने अधिकृतपणे बदल मागितले तर ती थांबते. म्हणून मंजुरी आलेली असली तरी, फॉर्ममधून सादरीकरण राहिले असेल तर आम्ही तेच काम आधी फॉर्ममधून सादर करतो आणि मग विनंती पाठवतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. एका सहकाऱ्याकडे वापरकर्ता पुस्तिकेच्या मांडणीचे काम होते आणि ते तीन टप्प्यांत विभागलेले होते. दुसऱ्या टप्प्यात 1 ते 6 ही प्रकरणे होती व त्यासाठी 480 डॉलर एस्क्रोमध्ये होते; तिसऱ्या टप्प्यात उरलेली प्रकरणे आणि सूची होती. क्लायंटच्या प्रकल्पप्रमुखाने 14 तारखेला लिहिले, ‘सहाही प्रकरणे पाहिली, आमच्याकडून मान्य आहेत.’ त्यावर सहकाऱ्याने तयार केलेला पहिला मसुदा असा होता:

‘नमस्कार. आपल्याला काम आवडले हे वाचून अतिशय आनंद झाला. अजून काही छोटे बदल हवे असतील तर निःसंकोच सांगा, मी लगेच करून देईन. सातव्या प्रकरणाचे कामही सुरू करत आहे, त्यातील तक्त्यांबद्दल थोडे बोलायचे होते. आपल्या सोयीने, जमेल तेव्हा पैसे सोडलेत तर बरे होईल.’

मसुदा सभ्य आहे आणि त्यात खोटे काहीच नाही. तरीही तो पैसे मिळवून देण्यापेक्षा लांबवण्याचीच शक्यता अधिक होती, आणि सर्वांत मोठा दोष त्यातील सर्वांत नम्र वाक्यात आहे. ‘अजून काही बदल हवे असतील तर सांगा’ असे लिहिल्याबरोबर मिळालेली मंजुरी पुन्हा चर्चेला खुली होते. वाचणारा प्रकल्पप्रमुख मनात म्हणतो की अजून एकदा नजर टाकायला हवी, आणि ती नजर टाकायला त्याला पुढचा आठवडा उजाडतो. त्यातून त्याने फॉर्ममधूनच एखादा बदल मागितला, तर मुदतही थांबते. आपल्याकडे शिष्टाचार म्हणून असे वाक्य हटकून लिहिले जाते. डिलिव्हरीच्या संदेशात ते योग्यच आहे, पण मंजुरीनंतरच्या विनंतीत त्याला जागा नाही.

दुसरा दोष म्हणजे सातव्या प्रकरणाचा उल्लेख. ते प्रकरण तिसऱ्या टप्प्यातले आहे. एकाच संदेशात दोन टप्पे आले की उत्तर सोप्या प्रश्नाला मिळते: तक्त्यांबद्दल सविस्तर लिहून येते आणि पैशांबद्दल एक शब्दही येत नाही. तिसरा दोष असा की रक्कम, टप्पा आणि मंजुरीची तारीख यांपैकी काहीच लिहिलेले नाही. हिशेबनीसाला हा संदेश पुढे पाठवला, तर ‘कोणते पैसे?’ हा त्याचा पहिला प्रश्न असेल.

घडवून झाल्यावरचा मजकूर असा होता:

‘नमस्कार. टप्पा 2, “वापरकर्ता पुस्तिकेची मांडणी, प्रकरणे 1 ते 6”, याच्या अंतिम फाइल्स मी 12 तारखेला या प्रकल्पाच्या पानावरून सादर केल्या. 14 तारखेच्या संदेशात आपण सहाही प्रकरणे मान्य असल्याचे कळवले आहे, त्याबद्दल आभारी आहे. या टप्प्यासाठी एस्क्रोमध्ये असलेली 480 डॉलरची पूर्ण रक्कम कृपया रिलीज करावी. रिलीजचे काम आपल्याकडे दुसरी व्यक्ती पाहत असल्यास हा संदेश तसाच त्यांच्याकडे पाठवता येईल.’

टप्प्याचे नाव क्लायंटच्या पडद्यावर जसे दिसते तसेच, अक्षरही न बदलता घेतले आहे, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांची नावे सारखीच सुरू होत होती आणि यादीत ती एकाखाली एक दिसत होती. ‘पूर्ण’ हा शब्दही सहज आलेला नाही. काही प्लॅटफॉर्मवर क्लायंटला टप्प्याची रक्कम अंशतः सोडता येते, आणि आकडा स्पष्ट नसेल तर उरलेली रक्कम नंतर वेगळी मागावी लागते. मंजुरीबद्दल लिहिताना आम्ही क्लायंटचेच शब्द वापरतो, त्यांत भर घालत नाही. ‘आपल्याला काम अतिशय आवडले’ असे त्याने लिहिलेले नसताना ते त्याच्या तोंडी घातले, तर वाचणारा सावध होतो, आणि पुढे वाद प्लॅटफॉर्मच्या सपोर्टकडे गेलाच तर विनंती आणि मूळ संदेश यांतील विसंगती आपल्याच विरोधात जाते. ‘जमेल तेव्हा’ हे शब्द काढले, पण त्यांच्या जागी मुदतीची ताकीद घातली नाही. पहिल्याच विनंतीत डिस्प्यूटचा उल्लेख करणे मला तर अडाणीपणाचे वाटते. ज्याने नुकतेच काम मान्य केले आहे त्याला धमकावण्याचे कारणच काय?

प्रकल्पप्रमुखाने हा संदेश खरोखरच पुढे पाठवला आणि हिशेब पाहणाऱ्या व्यक्तीने काहीही न विचारता रक्कम सोडली. एका उदाहरणावरून सिद्धांत काढू नये हे खरे. पण इतक्या महिन्यांत ठळकपणे जाणवलेला बदल हाच आहे की ‘कोणता टप्पा’, ‘किती रक्कम’, ‘कोणी मान्य केले’ असे उलट प्रश्न येणे जवळजवळ थांबले.

या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. मंजुरी संदिग्ध असेल तर कितीही घासूनपुसून लिहिलेली विनंती तिला स्पष्ट करू शकत नाही. ‘छान दिसते आहे’ किंवा नुसते अंगठ्याचे चिन्ह ही मंजुरी नव्हे, आणि ‘पाचव्या प्रकरणातील तक्ता सोडून सर्व ठीक’ ही तर निश्चितच नव्हे. अशा वेळी विनंती बाजूला ठेवून, राहिलेले दुरुस्त करून, एकच प्रश्न असलेला वेगळा संदेश पाठवावा: ‘टप्पा 2 मधील सहाही प्रकरणे अंतिम म्हणून मान्य आहेत, असे समजू का?’ त्याला होकार आला की विनंतीत दाखवायला तारखेसह आधार मिळतो. मंजुरी फोनवर मिळाली असेल तरी हेच करावे, कारण प्लॅटफॉर्मच्या बाहेर बोललेले सपोर्टला दिसत नाही.

रिलीज म्हणजे खात्यात पैसे, असेही समजू नये. अपवर्कवर रिलीजनंतर ठरावीक रकमेच्या कामाचे पैसे 5 दिवस सुरक्षा काळात राहतात आणि त्यानंतरच काढता येतात. या काळात ‘पैसे अजून आले नाहीत’ असे क्लायंटला लिहिणे चुकीच्या दारावर थाप मारण्यासारखे आहे, कारण त्याचे काम संपलेले असते.

माझी खरी नाराजी आहे ती मी सर्वाधिक वापरत असलेल्या प्लॅटफॉर्मच्या विनंतीच्या चौकटीवर. मंजुरीचा संदेश त्या चौकटीला जोडण्याची सोय नाही, त्यामुळे तारीख आणि शब्द हाताने उतरवून घ्यावे लागतात. शिवाय क्लायंटला जाणाऱ्या सूचनेत मजकुराची सुरुवातच तेवढी दिसते. म्हणूनच आता टप्प्याचे नाव पहिल्या वाक्यात आणि रक्कम शक्य तितकी लवकर आणतो, आभार नंतर.

विनंतीला उत्तर आले नाही, तर कामाचे काही दिवस जाऊ देऊन आम्ही स्मरणपत्र पाठवतो, आणि त्यात मूळ मजकूर नव्याने लिहीत नाही. तोच मुद्दा निराळ्या शब्दांत मांडला की वाचणाऱ्याला काहीतरी बदलले आहे असे वाटते आणि तो दोन्ही संदेश ताडून पाहत बसतो. स्मरणपत्रात एवढेच असते: ‘टप्पा 2 च्या 480 डॉलरच्या रिलीजबाबत 16 तारखेला विनंती पाठवली होती. ती आपल्यापर्यंत पोहोचली का, आणि आपल्या बाजूने काही अडचण असल्यास कोणती, हे कृपया कळवावे.’ यावर बहुधा एखादे साधे कारण कळते: बटण दाबणारी व्यक्ती रजेवर आहे, किंवा तिला प्लॅटफॉर्मवर तो अधिकारच दिलेला नाही. यातल्या दुसऱ्या कारणावर उपाय करता येतो, कारण खात्याच्या मालकाने तो अधिकार कोणाला तरी द्यावा, असे प्रकल्पप्रमुखाला नेमके सुचवता येते.