ग्रुपवर श्रद्धांजली की त्याला वेगळा मेसेज?

सहकाऱ्याचे वडील गेले की ऑफिसच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागते. त्यात चूक काही नाही, पण पस्तिसावा मेसेज कोण वाचतं? शिवाय श्रद्धांजली गेलेल्याला असते, मागे राहिलेल्याशी त्यात कुणी बोलतच नाही.

मी त्याला वेगळं लिहीन: "संदीप, बाबांचं कळलं. फार वाईट वाटलं. गुरुवारचा क्लायंट कॉल मी घेतोय, महिनाअखेरचा रिपोर्ट मीनल बघतेय. तेराव्यापर्यंत कामाची काळजी करू नकोस. उत्तर लिहीत बसू नकोस."

यात 'काही लागलं तर सांग' मुद्दाम नाही. मागायचं ओझं पुन्हा त्याच्यावरच पडतं. 'कसं झालं?' हेही नाही. तेराव्याचं वाक्य मात्र साहेबांना विचारूनच घालावं, रजा आपल्या हातात नसते.