क्विकशिफ्टर की रायडिंग मोड: बटण दाबल्यावर गाडीत नेमकं काय बदलतं?

गाडी निवडताना बहुतेकांची गाडी इथेच अडते. एका व्हेरियंटला साधा गिअर, वरच्याला क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर, आणि डॅशवर मोडची रेन, रोड, स्पोर्ट अशी नावं. माहितीपत्रकात सगळं शेजारी छापलेलं असतं म्हणून ते एकाच पंगतीतलं वाटतं. पण क्विकशिफ्टर फक्त गिअर बदलण्याच्या क्षणी जागा होतो, आणि मोडने बदलणारा थ्रॉटलचा मॅप मात्र मूठ हातात असेपर्यंत प्रत्येक क्षणी काम करत असतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी मॅप बघायचा, मग क्विकशिफ्टर.

केबलच्या गाडीत तुम्ही मूठ पिळली की तार ओढली जाते आणि इंजिनला हवा सोडणारी थ्रॉटल बॉडीतली झडप, म्हणजे बटरफ्लाय, तेवढीच उघडते. राइड-बाय-वायरमध्ये मूठ फक्त एक सेन्सर फिरवते. किती पिळली ते ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, कळतं, आणि बटरफ्लाय किती उघडायची ते ईसीयू ठरवून छोट्या मोटरकरवी उघडतो. हे ठरवायला त्याच्याकडे एक तक्ता असतो. एका बाजूला मूठ किती फिरली, दुसऱ्या बाजूला आरपीएम किती, आणि प्रत्येक चौकटीत उत्तर. हाच मॅप. मोड बदलला की ईसीयू दुसरा तक्ता उघडतो, एवढंच.

तक्ता लागतोच कशाला, मुठीइतकीच बटरफ्लाय उघडली तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. कमी आरपीएमला इंजिनला हवा थोडीच लागते. बटरफ्लाय थोडी उघडली तरी त्या आरपीएमला ओढता येईल तेवढी बहुतेक हवा आत येऊन जाते, आणि पुढे कितीही पिळा, ओढ फारशी वाढत नाही. वरच्या आरपीएमला मात्र तेवढ्याच उघडण्याने इंजिन गुदमरल्यासारखं होतं. म्हणजे ज्या केबलला आपण ‘सरळ’ म्हणतो ती ओढीच्या हिशोबात सरळ नसतेच. खाली सगळी ताकद मुठीच्या पहिल्या भागात कोंबलेली असते. चांगला मॅप ती मुठीच्या पूर्ण फेऱ्यात पसरून देतो.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्या एका गाडीचे नाहीत. तिसरा गिअर, ४००० आरपीएम, वळणातून बाहेर पडताना तुम्ही मूठ एक चतुर्थांश पिळली. स्पोर्टच्या तक्त्यात समजा उत्तर आहे ३० टक्के बटरफ्लाय, रोडमध्ये २०, रेनमध्ये १२. तुमच्या मनगटाने तिन्ही वेळा तेच केलं, मागच्या चाकाला मात्र तीन वेगळ्या ओढी मिळाल्या. पुढे मूठ पूर्ण पिळली तर स्पोर्ट आणि रोड दोन्ही शंभरावर येऊन भेटतात. म्हणून ‘स्पोर्टमध्ये गाडी जास्त पळते’ हा पुष्कळदा मनगटाला झालेला भास असतो. गाडी तेवढीच पळते, फक्त लवकर अंगावर येते.

रेन शंभरावर भेटतो की नाही, हा मात्र कळीचा प्रश्न आहे, आणि इथे कंपन्यांचे रस्ते वेगळे होतात. डुकाटीच्या ९३७ सीसी मॉन्स्टरमध्ये स्पोर्ट आणि टूरिंग दोन्हींना १११ अश्वशक्ती मिळते, फरक फक्त ती कशी येते यात. अर्बनमध्ये ती थेट ७५ वर आणलेली आहे. टीव्हीएसच्या अपाचे आरआर ३१० ला २०२० साली मोड आले तेव्हा स्पोर्ट आणि ट्रॅकला ३४ पीएस होते, तर अर्बन आणि रेनला २५.८. म्हणजे एकाच प्रकारच्या बटणामागे दोन निराळी कामं असू शकतात: ओढीचा आकार बदलणं, किंवा ओढीवर झाकण ठेवणं. नावावरून ते कळत नाही. प्रत्येक मोडला कमाल ताकद किती, एवढा एकच आकडा माहितीपत्रकात शोधा.

हा फरक रस्त्यावर ओव्हरटेक करताना कळतो. पाऊस थांबून तासभर झाला, मोड रेनलाच राहिला, आणि समोर लांबलचक ट्रेलर. रोजच्या सवयीने तुम्ही गिअर खाली टाकता, मूठ पिळता, आणि अर्ध्या ट्रेलरपाशी लक्षात येतं की वरच्या आरपीएमला नेहमी येणारा जोर येतच नाहीये. नुसता आकार बदलणारा रेन मोड असेल तर आणखी पिळून सुटता येतं. झाकणवाल्यात आणखी पिळायला काही उरलेलंच नसतं. ज्यांची गाडी बंद करून चालू केली तरी शेवटचा मोड लक्षात ठेवते, त्यांनी निघताना डॅशकडे एक नजर टाकलेली बरी.

मोडला आणखी दोन-तीन गोष्टी बांधलेल्या असतात: मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल किती लवकर मध्ये पडतं, एबीएस किती सैल किंवा कडक, आणि काही गाड्यांत मूठ सोडल्यावर इंजिन किती रोखून धरतं. यातलं एबीएस मी सगळ्यात आधी तपासतो. काही गाड्यांच्या ट्रॅकसारख्या मोडमध्ये एबीएसचा हस्तक्षेप कमी केलेला असतो, काहींत मागच्या चाकाचं एबीएस बंदच होतं. फक्त झटपट पिकअप आवडतो म्हणून तो मोड लावून रोजच्या रस्त्यावर फिरणारे लोक मी पाहिलेत. त्यांना हवा होता मॅप, सोबत ब्रेकचा बदल फुकट पदरात पडला. मॅप आणि ट्रॅक्शन वेगवेगळे निवडून स्वतःचा मोड बनवता येत असेल, तर ती सोय चार तयार मोडांपेक्षा जास्त कामाची.

आता क्विकशिफ्टर. गिअरबॉक्समध्ये गिअरच्या बाजूला जाड खुंट्या असतात, त्यांना डॉग म्हणतात. इंजिन ओढत असताना त्या एकमेकींवर इतक्या दाबून बसतात की निसटत नाहीत. क्लच दाबला की दाब सुटतो आणि गिअर सरकतो. क्विकशिफ्टर क्लचला हात न लावता तेच करतो. गिअर लिव्हरच्या दांडीवरच्या सेन्सरला पायाचा दाब कळला की ईसीयू स्पार्क किंवा इंधन क्षणभर तोडतो, साधारण ५० ते ८० मिलिसेकंद. तेवढ्यात डॉग मोकळे होतात, गिअर पडतो, आणि ओढ परत येते. मूठ पिळलेलीच राहते.

वर जाताना एवढं पुरतं, म्हणून केबलच्या गाडीलाही वर टाकणारा क्विकशिफ्टर बसवता येतो. खाली येताना गोष्ट उलटी होते. समजा चौथ्या गिअरला ६००० आरपीएमवर आहात आणि तिसरा टाकायचा आहे. दोन्ही गिअरच्या गुणोत्तरात १.२ पटीचा फरक धरला तर त्याच वेगाला तिसऱ्यात इंजिन ७२०० वर हवं. ते १२०० आरपीएम कुणीतरी चढवायला हवेत, नाहीतर मागचं चाक ते जबरदस्तीने चढवेल आणि तुम्हाला धक्का बसेल. मूठ बंद असताना बटरफ्लाय थोडी उघडून ही ‘ब्लिप’ देणं ईसीयूला राइड-बाय-वायरमुळे जमतं. इथे दोन्ही गोष्टींची गाठ पडते. म्हणून ‘क्विकशिफ्टर आहे’ एवढ्या शब्दावर जाऊ नका, दोन्ही दिशांचा आहे का ते विचारा. माझ्या मते खाली येतानाचाच भाग जास्त मोलाचा. घाटात वळणाआधी ब्रेक लावताना क्लचच्या बोटांना सुट्टी मिळते आणि ब्रेकवरचं लक्ष ढळत नाही.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तो ओझं उतरवण्याचं यंत्र आहे, त्यामुळे ओझं असेल तेव्हाच गोड चालतो. वर टाकताना मूठ पिळलेली हवी, खाली टाकताना बंद. अर्धवट मुठीने, २५०० आरपीएमवर, सिग्नल ते सिग्नल पहिल्याचा दुसरा टाकाल तर ‘खाडकन’ आवाज आणि चेनला झटका ठरलेला. पहिल्या-दुसऱ्यातलं गुणोत्तराचं अंतर सगळ्यात मोठं, आणि मध्ये न्यूट्रलही असतो. पाय घाबरत-घाबरत उचलला तर स्पार्क तुटून परत येतो तरी गिअर पूर्ण बसलेला नसतो. मग न्यूट्रल लागतो किंवा डॉगचे कोपरे घासतात. पाय एकदाच, ठामपणे, शेवटपर्यंत. ते जमणार नसेल तिथे सरळ क्लच दाबावा. क्विकशिफ्टर असला म्हणून क्लच बंद पडत नाही.

एक गंमत सांगतो. माझी गाडी एकसारख्या वेगात चालताना मध्येच उचकी द्यायची. इंधन बदललं, प्लग पाहिला, इंजेक्टर साफ करून घेतला. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकने मागून येताना माझा बूट पाहिला. नव्या जाड बुटाचा पंजा लिव्हरखाली टेकलेला असायचा, खड्ड्यात तो वर दाबला जायचा आणि सेन्सरला वाटायचं गिअर बदलायचाय. लिव्हर एक दात वर घेतली, उचकी गेली. इंजेक्टर साफ करायचे पैसे मात्र गेले ते गेले.

टेस्ट राइडला या दोन गोष्टी पारखायला दहा मिनिटं पुरतात. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला संथ, एकसारखा वेग धरा, मूठ पूर्ण बंद करा आणि हळूच पुन्हा उघडा. बंद ते उघड या सांध्यावर गाडी आचका देते का? मोड बदलून पुन्हा तेच करा. पुष्कळ गाड्यांत मोड बदलायला मूठ बंद असावी लागते, ते लक्षात ठेवा. सगळ्या मोडमध्ये सारखाच आचका असेल तर दोष मॅपचा नसून सैल चेनचाही असू शकतो. मग क्विकशिफ्टर आधी मधल्या आरपीएमला, मूठ निम्मी पिळून, दुसऱ्यातून तिसऱ्यात वापरून बघा. तिथे तो मऊ चालला तर ठीक. तिथेच खाडखाड करत असेल तर पुढे तुम्ही तो वापरणार नाही.

रोजचं फिरणं शहरात, आरपीएम क्वचित ५००० च्या वर, असं असेल तर मी क्विकशिफ्टरचे पैसे वाचवेन आणि ज्या गाडीचा मधला मोड मुठीच्या पहिल्या भागात शांत आहे ती घेईन. लांबचे रस्ते आणि घाट जास्त असतील तर दोन्ही दिशांचा क्विकशिफ्टर घेईन, पण फक्त वर टाकणारा मिळत असेल तर त्यासाठी वरचं व्हेरियंट नाही. आणि मोड दोन असोत की पाच, त्यातला एकच माझ्या मनगटाला जुळणार हे धरूनच चालतो. माझ्या गाडीत चार आहेत, तीन वर्षांत रोड आणि रेनच्या पलीकडे मी गेलेलो नाही.