रात्रपाळीच्या वॉचमनसाठी बूट: पीव्हीसी, ईव्हीए की पीयू सोल?

बडोद्यात आमच्या दांडियाबाजारातल्या एका काकांची मकरपुरा जीआयडीसीत, एका गोदामावर ड्युटी आहे. रात्री आठ ते सकाळी आठ. गेटपाशी कोटा फरशी, आत सगळीकडे काँक्रीट. तासातासाला एक राऊंड, बाकी बहुतेक वेळ उभंच. वय पन्नाशीच्या पुढे, शुगर आहे, आणि दुपारी झोपून उठलं की पहिल्या पावलाला टाच ठणकते. त्यांच्यापुढे तीन पर्याय होते, आणि असं काम करणाऱ्या बहुतेकांपुढे हेच तीन असतात.

काँक्रीट जराही दबत नाही, त्यामुळे टाचेवरचा भार हलका करायचा तर तो सोलनेच. म्हणून आधी सोल कशाचा आहे ते विचारा, कातडं आणि कंपनी नंतर.

युनिफॉर्मवर घालतात ते पॉलिशचे काळे बूट बहुधा पीव्हीसी सोलचे असतात. सर्वांत स्वस्त, लवकर झिजत नाहीत आणि रुबाबदार दिसतात. पण सोल जड आणि कडक, थंडीत आणखीच कडक होतो, आणि पावसाळ्यात ओल्या कोट्यावर घसरतो. बसायला खुर्ची असलेल्या रिसेप्शनवर ते चालतील. बारा तास उभं राहायचं असेल तर घेऊ नका.

काळे स्पोर्ट्स शूज म्हणजे बहुधा ईव्हीए सोल. दुकानात पाय घातल्याबरोबर हेच आवडतात, कारण हलके आणि मऊ असतात. ज्याची ड्युटी जास्त चालण्याची आहे त्याला ते खरंच सोसतात. अडचण उभं राहण्यात आहे. ईव्हीएत हवेचे बारीक कप्पे असतात. तासन् तास एकाच जागी भार राहिला की ते दबतात, आणि काही महिन्यांनी पुन्हा पूर्ण फुलत नाहीत. वरून बूट नवा दिसतो, आत मऊपणा संपलेला असतो. ओळखायचं कसं? बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. एका बाजूला कलला असेल, किंवा सोलच्या कडेवरच्या आडव्या सुरकुत्या पाय काढल्यावरही तशाच राहत असतील, तर तो बदलायची वेळ झाली.

तिसरा पर्याय म्हणजे सेफ्टी शूजच्या दुकानात मिळणारा पीयू सोल, त्यातही डबल डेन्सिटी. आतला थर मऊ, जमिनीला टेकणारा थर घट्ट. ईव्हीएपेक्षा थोडा जड, पण उभं राहून राहून लवकर दबत नाही. काकांना मी हाच सांगितला. याचा एक दोष मात्र दुकानदार सहसा सांगत नाही. पीयू ओलाव्याने आतून कुजत जातो. डब्यात काही वर्षं पडून राहिलेला जोड घातल्यावर थोड्याच दिवसांत सोलचे तुकडे पडतात. म्हणून बुटावर किंवा जिभेच्या आत उत्पादनाचा महिना आणि वर्ष शोधा. जुना माल सवलतीतही नको.

आता बोटांवरच्या स्टीलच्या टोपीचं. रात्री तुमच्या जागेवर फोर्कलिफ्ट चालत असेल, माल उतरत असेल, तर टोपी हवीच. आयएस 15298 या भारतीय मानकाच्या भाग 2 चे बूट 200 जूलचा आघात सोसतील अशा टोपीचे असतात. काकांच्या गोदामात रात्री हालचाल नसते. मग टोपीचं वजन बारा तास कशाला उचलायचं? शिवाय पाय फुगतो आणि स्टील ताणत नाही, त्यामुळे करंगळी घासते. शुगरने पायाची जाणीव कमी झाली असेल तर तो फोड कळतही नाही. याच मानकाचा भाग 4 टोपी नसलेल्या कामाच्या बुटांचा आहे. दुकानात तोच मागा. तो मिळालाच नाही आणि टोपीवाला घ्यावा लागला, तर पंजाला रुंद असलेला निवडा.

माप सकाळी घेऊ नका. संध्याकाळी, ड्युटीचेच मोजे घालून जा. दोन्ही पायांत बूट घालून उभे राहा, सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. काका कायम आठ नंबर घ्यायचे, संध्याकाळी त्यांना नऊ बरोबर बसला. मग बूट हातात घेऊन वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडत असेल तर परत ठेवा, टाच दुखणाऱ्याला तो आणखी त्रास देईल. टाचेभोवतीची मागची भिंत चिमटीत सहज दबायला नको.

पैसे जमले तर दोन जोड आलटूनपालटून वापरा. बारा तासांच्या घामाने भिजलेला बूट एका दिवसात नीट वाळत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. दुसरा जोड परवडत नसेल तर निदान आतले इनसोल काढून वेगळे वाळवा, आणि चपटे झाले की तेवढेच बदला.

नवे बूट घालून दीड-दोन महिने झाले, तरी उठल्यावरची पहिली पावलं तितकीच दुखत असतील, तर आणखी महागडा जोड शोधू नका. सयाजी हॉस्पिटलच्या हाडांच्या ओपीडीत टाच दाखवा, आणि जाताना रोजचे बूट पायात असू द्या.