हँड लेअप की व्हॅक्यूम बॅग? आधी पॅनेल कुठे बसणार ते ठरवा

फायबरग्लासच्या पॅनेलचे थर हाताने रेझिन लावून बसवले की तो हँड लेअप; त्याच ओल्या थरांवर हवाबंद पिशवी लावून आतली हवा पंपाने खेचली की ती व्हॅक्यूम बॅग. बॅग लावली की पॅनेल हलकं होतं आणि मजबूतही होतं, असं सर्रास सांगितलं जातं. हलकं होतं हे खरं. मजबुतीचं मात्र पॅनेल कशासाठी वापरणार त्यावर ठरतं, आणि कधी कधी निकाल चक्क उलटा लागतो. म्हणून पंप घ्यायच्या आधी एक हिशेब करून बघू.

१ मीटर बाय ६० सेंटिमीटरचं सपाट पॅनेल घ्या. ३०० जीएसएमचं, म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमचं, विणलेलं ग्लास क्लॉथ, सहा थर, इपॉक्सी रेझिन. नुसत्या कापडाचं वजन १.०८ किलो. रोलर आणि स्क्वीजी नीट फिरवली, तर हँड लेअपमध्ये वजनाने निम्मी काच आणि निम्मं रेझिन इथवर पोचता येतं. तेच ओले थर बॅगखाली घेतले की काचेचा वाटा ६० टक्क्यांच्या थोडा वर जातो. इथे ६२ धरू. (कापडाऐवजी चॉप्ड स्ट्रँड मॅट असेल तर हे आकडे लागू नाहीत. मॅट फार रेझिन पिते, हँड लेअपमध्ये तिच्यात काच ३० टक्क्यांच्या आसपासच राहते.) काचेची घनता २.५५ आणि सेट झालेल्या रेझिनची १.१५ धरली, तर असं निघतं:

| | हँड लेअप | व्हॅक्यूम बॅग |
|---|---|---|
| रेझिन | १.०८ किलो | ०.६६ किलो |
| पॅनेलचं वजन | २.१६ किलो | १.७४ किलो |
| जाडी | २.२७ मिमी | १.६७ मिमी |
| आकारमानाने काच | ३१% | ४२% |

वजन पाचवा हिस्सा कमी झालं, इथपर्यंत छान. आता पॅनेल वाकवून बघा. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. बॅगखाली काच दाटल्यामुळे माल साधारण १.४ पट ताठ झाला, पण जाडी घटल्यामुळे त्यातलं ०.४ पटच उरलं. दोन्हींचा गुणाकार केला तर ताठपणा जवळपास निम्मा! तेच सहा थर, तेच कापड, आणि बॅगमधून निघालेलं पॅनेल हातात जास्त लवतं. वाचलेलं वजन जादा थर घालून भरून काढलं, म्हणजे सव्वासात-साडेसात थर करून पुन्हा २.१६ किलोवर आलात, तर ताठपणा जेमतेम हँड लेअपइतका होतो.

त्यामुळे नुसतं भरीव, पातळ पॅनेल करायचं असेल आणि त्याने लवू नये एवढीच अपेक्षा असेल, तर माझ्या मते बॅगचा खर्च आणि खटाटोप परवडत नाही. खरा फायदा सँडविच पॅनेलमध्ये आहे. तिथे जाडी मधल्या फोम किंवा बाल्सा लाकडाच्या कोअरमधून येते, वरखालच्या कातड्यांवर फक्त ताण आणि दाब येतो. मग कातड्यातलं जादा रेझिन म्हणजे शुद्ध ओझं. शिवाय बॅग कोअरला सगळीकडे सारख्या दाबाने चिकटवते. पूर्ण व्हॅक्यूमला दर चौरस मीटरवर सुमारे १० टन दाब येतो. वजनं ठेवून किंवा क्लँप लावून तो मिळणं शक्य नाही.

आता व्हॉइडकडे, म्हणजे पॅनेलमध्ये अडकलेल्या हवेच्या पोकळ्यांकडे. हवा खेचली की बुडबुडेही निघून जातात, ही समजूत अर्धीच खरी. बॅगमध्ये ०.८ बार व्हॅक्यूम असेल तर उरलेला निरपेक्ष दाब ०.२ बार, म्हणजे ज्या बुडबुड्यापर्यंत तेवढाच दाब पोचतोय तो पाचपट फुगायला बघतो. बॅगखालून हवा वाहून नेणाऱ्या ब्रीदर कापडापर्यंत वाट मिळाली तर तो निघून जातो. नाही मिळाली, तर त्याला दाबून लहान ठेवायचं काम भोवतालच्या रेझिनमधल्या दाबाचं. बॅगचा भार सुरुवातीला रेझिन उचलतं. रेझिन बाहेर झिरपत गेलं की धागे एकमेकांवर टेकतात आणि तो भार ते घेतात. रेझिनमधला दाब पडतो आणि बुडबुडे पुन्हा मोकळे होतात. म्हणजे अती ब्लीड झालं तर पॅनेल कोरडंही पडतं आणि पोकळही. पॅनेल उजेडासमोर धरलं की विणीच्या गाठींपाशी पांढरट ठिपके दिसतात, ती हीच खूण.

याला आवर घालतो नंतर सोलून काढायचं कापड, म्हणजे पील प्लाय, आणि जादा रेझिन शोषणारा ब्लीडर यांच्यामधला सच्छिद्र फिल्मचा थर. भोकं जेवढी दाट आणि ब्लीडर जेवढा जाड, तेवढं रेझिन जास्त जातं. मिश्रण किती करायचं तेही यावरच ठरवा: ०.६६ किलो पॅनेलमध्ये हवं असेल तर सव्वा किलो ओतून बाकीचं ब्लीडरला पाजू नका, ०.८५ च्या आसपास पुरतं. पील प्लाय, फिल्म आणि ब्लीडर आधी एकत्र वजन करून ठेवा, सोलून काढल्यावर पुन्हा वजन करा. जेवढं वाढलं तेवढं रेझिन बाहेर गेलं. कापडाचं वजन माहीतच आहे, उरलेला हिशेब तिथल्या तिथे होतो.

गळतीकडे दुर्लक्ष करू नका. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून गेजचा काटा बघा. तो सरकत असेल तर बॅगची कड सील करणाऱ्या टॅकी टेपवरून हात फिरवून जागा शोधा. गळती तशीच राहिली तर हवा लॅमिनेटमधून वाहते आणि कडेकडून आत येणारी बुडबुड्यांची रेघ उमटते. आतल्या कोपऱ्यांत बॅग ताणून अधांतरी राहिली, तर तिथे दाब पोचत नाही आणि रेझिनचा गोळा साचतो; म्हणून तिथे बॅगची चुणी सोडतात.

हँड लेअपमध्येही व्हॉइड नशिबावर सोडायचे नसतात. दर थराला मोजून १८० ग्रॅम मिश्रण, आधी रेझिन पसरायचं आणि मग त्यात कापड बसवायचं, म्हणजे हवा वरच्या बाजूने निघते. कोरड्या कापडावर वरून ओतलं तर ती खाली अडकते. मिश्रण घुसळून फेसाळलं असेल तर रोलरने सगळं निघत नाही.

व्हॉइड मोजायचे असतील तर तुकड्याची घनता पाण्यात तोलून काढतात आणि मग तो भट्टीत जाळून उरलेली काच तोलतात. ५० टक्के काचेच्या पॅनेलची बिनव्हॉइड घनता वरच्या आकड्यांवरून १.५८५ येते. प्रत्यक्षात १.५१ भरली, तर व्हॉइड सुमारे ४.७ टक्के. इथे एक सापळा आहे: रेझिनची घनता १.१५ ऐवजी १.१७ धरली तर उत्तर टक्काभर सरकतं. आपल्याच रेझिनचा ओतीव तुकडा सेट करून त्याची घनता घ्या, डेटाशीटमधली द्रवाची नको. एकेका टक्क्याचं महत्त्व आहे, कारण थरांमधली शिअर ताकद, म्हणजे थर एकमेकांवरून सरकण्याला होणारा विरोध, दर टक्का व्हॉइडमागे ढोबळमानाने सातेक टक्के घटते.

पॉलिएस्टर वापरणार असाल तर व्हॅक्यूम पूर्ण खेचू नका. त्यातलं स्टायरीन कमी दाबाला आणि क्युअरच्या उष्णतेत वाफ होऊ लागतं, आणि ते बुडबुडे पंपानेच तयार केलेले असतात. अर्ध्या-पाऊण बारवर थांबलेलं बरं. इपॉक्सीला ही अडचण फारशी नाही, तिथे वेळ नडतो. सहा थर, पील प्लाय, फिल्म, ब्लीडर आणि बॅग हे सगळं बसून गेज स्थिर होईपर्यंत रेझिन पातळ राहायला हवं. अर्ध्या तासाच्या पॉट लाइफच्या, म्हणजे मिश्रण तेवढाच वेळ वापरण्याजोगं ठेवणाऱ्या, हार्डनरने हे एकट्याने करायला जाल तर रेझिन जेल व्हायला लागल्यावर बॅग लागते आणि दाबाचा उपयोग होत नाही. संथ हार्डनर आणि जोडीला आणखी एक माणूस नसेल, तर तराजू घेऊन नीट हँड लेअप करा. त्याचं पॅनेल अर्धवट बॅगच्या पॅनेलपेक्षा चांगलं निघतं.